ऑफर आल्यावर चॅटवर पगार वाढवून मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या भरतीत मी बरीच वर्षं एचआरच्या बाजूला बसतो. उमेदवारांचे मेसेज माझ्याकडे येतात आणि ते पुढे कुठे जातात, तेही मला दिसतं. खालचे प्रश्न चार ते आठ वर्षं अनुभव असलेले लोक सतत विचारतात, म्हणून उत्तरंही त्यांच्यासाठीच आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. वाकडला राहणारी एक टेस्टिंग इंजिनिअर आहे, अनुभव पाच वर्षं, सध्याचा सीटीसी 9.60 लाख, नोटीस पिरियड 60 दिवस. बाणेरच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने तिला 13 लाखांची ऑफर दिली आहे: फिक्स्ड 11.70 लाख आणि व्हेरिएबल 1.30 लाख.

ऑफर लेटर मेलवर आलं आणि पाठोपाठ एचआरचा व्हॉट्सॲप मेसेज आला, "मॅडम, प्लीज कन्फर्म करा." लगेच काय लिहू?

"मिळालं, मनापासून आभार. नीट वाचून उद्या संध्याकाळपर्यंत कळवते." एवढंच लिहा.

इथे बहुतेकांचा हात "ओके मॅडम, थँक यू" लिहून मोकळा होतो. तुम्ही ते सौजन्य म्हणून लिहिता, पण एचआरच्या एक्सेल शीटमध्ये तुमच्या नावापुढे "व्हर्बली ॲक्सेप्टेड" अशी नोंद होते. त्यानंतर आकडा काढलात तर तुम्ही शब्द फिरवल्यासारखं दिसतं. अंगठ्याच्या इमोजीचा अर्थही हाच लावला जातो, तेव्हा तोही टाळा. एक दिवस मागितल्याने कोणाची ऑफर गेलेली मी पाहिलेली नाही. आठवडा मागितलात तर मात्र तुम्ही दुसरीकडे बोलणी करताय असं समोरचा गृहीत धरतो.

माझा मेसेज वाचून निर्णय कोण घेतं?

मेसेज वाचणारी व्यक्ती निर्णय घेत नाही, आणि चॅटवर मागणी कशी लिहायची ते सगळं यावरून ठरतं.

तुमच्याशी बोलणाऱ्या रिक्रूटरला पगार वाढवायचा अधिकार नसतो. ती तुमचा मेसेज ज्यांच्या टीममध्ये तुम्ही जाणार त्या मॅनेजरला पाठवते. त्यांना पटलं तर एचआर हेड किंवा पगाराची रचना पाहणाऱ्या टीमकडे विषय जातो, आणि रक्कम मोठी असेल तर फायनान्सकडे. या प्रवासात तुमचं बोलणं बहुतेक वेळा स्क्रीनशॉट म्हणूनच फिरतं. रिक्रूटरला दिवसाला वीस-पंचवीस उमेदवार सांभाळायचे असतात. तुमची बाजू स्वतःच्या शब्दांत मांडायला तिला वेळ नसतो.

म्हणून मेसेज रिक्रूटरला उद्देशून लिहायचा, पण तो मॅनेजरने कसलाही संदर्भ न विचारता वाचला तरी पूर्ण कळायला हवा. सहा तुकड्यांत आलेला मेसेज, मध्ये "हॅलो मॅडम, फ्री आहात का?", मग तीन टिंबं, मग आकडा, मग हसरा चेहरा, असलं काही कोणी पुढे पाठवत नाही. पाठवलंच तर त्यातला फक्त आकडा पोचतो आणि कारण मागे राहतं.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर अजून एक जण मध्ये असतो. कन्सल्टन्सीची फी साधारणपणे तुमच्या वार्षिक सीटीसीच्या टक्क्यांत असते. त्यामुळे तुमचा पगार वाढला तर त्यांचेही चार पैसे वाढतात, हे खरं. पण लाखभर वाढीतून त्यांना मिळणारी जास्तीची रक्कम किरकोळ असते, आणि तुम्ही नाही म्हणालात तर सगळीच फी जाते. त्यांचं मन "मॅडम, घेऊन टाका" याच बाजूला झुकणार. अशा वेळी "हाच मजकूर कंपनीच्या एचआरना पाठवाल का?" असं स्पष्ट लिहावं.

हे चॅटवरच बोलावं की फोन करावा?

ऑफर चॅटवर पाठवली असेल आणि पाठपुरावाही चॅटवरच होत असेल, तर चॅट उत्तम. फोनवर "तुमची अपेक्षा किती?" असं अचानक विचारलं की माणूस घाबरून आपल्या मनातल्या आकड्यातून आधीच पन्नास हजार कमी करतो. लिहिताना तसं होत नाही. शिवाय काय मागितलं आणि काय कबूल झालं ते डोळ्यांसमोर राहतं.

तुमचा मेसेज गेल्यावर त्यांनी फोन केला तर उचला. बोलणं झाल्यावर पाच मिनिटांत "आत्ता बोलल्याप्रमाणे फिक्स्ड अमुक, व्हेरिएबल तमुक, बरोबर ना मॅडम?" असं चॅटवर टाका. व्हॉइस नोट पाठवू नका. ती पुढे कोणी ऐकत नाही.

मराठीत लिहावं की इंग्रजीत, हेही लोक विचारतात. रिक्रूटर ज्या भाषेत लिहिते त्याच भाषेत लिहा. मराठी मेसेजला तुम्ही एकदम कडक इंग्रजीत उत्तर दिलंत, तर आत्तापर्यंत मोकळं चाललेलं बोलणं उगाच नोटिशीसारखं वाटायला लागतं. आकडे मात्र कोणत्याही भाषेत तेच राहतात.

आकडा सीटीसीचा सांगू की हातात येणाऱ्या पगाराचा?

दोन्ही नाही. वार्षिक फिक्स्ड सांगा.

सीटीसी ही पिशवी आहे आणि तिच्यात काय भरायचं ते कंपनी ठरवते. "14 लाख करा" म्हणालात तर व्हेरिएबल एक लाखाने फुगवूनही 14 लाख करता येतात. कागदावर तुमची मागणी पूर्ण झालेली असते. हातात येणारा पगार सांगण्यात उलटी अडचण आहे. तो तुमच्या करप्रणालीवर आणि पीएफच्या निवडीवर अवलंबून असतो. "मला महिना एक लाख इन हँड हवेत" या वाक्यावर कोणी मंजुरी काढू शकत नाही, कारण कंपनीच्या शीटमध्ये तसा रकानाच नसतो.

आपल्या उदाहरणात 13 लाखांचं काय होतं ते पाहा. व्हेरिएबल 1.30 लाख बाजूला काढलं की 11.70 लाख उरतात. यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला आहे. कायद्यातल्या 15 हजारांच्या मर्यादेवर 12 टक्के, म्हणजे महिना 1,800 आणि वर्षाला 21,600. बेसिक 6.50 लाख आहे आणि त्याच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे सुमारे 31 हजार, हीसुद्धा याच रकमेत मोजली आहे. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. उरले सुमारे 11.17 लाख, महिन्याला 93 हजार. त्यातून तुमच्या वाट्याचे पीएफचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की खात्यात 91 हजार येतात. 13 लाखांना बारांनी भागून आलेला 1,08,000 हा आकडा मनात धरून बसलेले लोक पहिल्या पगाराच्या दिवशी हादरतात ते यामुळे.

म्हणून मागण्याआधी रिक्रूटरकडून पूर्ण ब्रेकअप मागवून घ्या. मागायला संकोच नको. ही शीट त्यांच्याकडे तयारच असते.

मग किती मागू?

एकच आकडा मागा. "12.5 ते 13.5 च्या दरम्यान" असं लिहिलंत की समोरच्याला 12.5 एवढंच दिसतं, आणि तेही वरची हद्द म्हणून. "थोडं वाढवता आलं तर बघा" याला तर उत्तरही थोडंच येतं, बहुतेक वेळा पंचवीस हजार.

माझ्या अनुभवात ऑफरमधल्या फिक्स्डच्या दहा-बारा टक्के वरपर्यंतची मागणी त्याच पदाच्या पगाराच्या पट्ट्यात बसते आणि मॅनेजरच्या एका मेलवर मंजूर होऊ शकते. वीस टक्क्यांच्या पुढे गेलात की बहुधा वरच्या ग्रेडचा प्रश्न येतो. तिथे नवी मुलाखत किंवा नवी मंजुरी लागते आणि लोक कंटाळून पुढच्या उमेदवाराकडे वळतात. आपल्या उदाहरणात 11.70 वर साधारण अकरा टक्के धरले की 13 लाख फिक्स्ड होतात. हा आकडा मागायला ठीक आहे.

त्याचबरोबर अजून एक आकडा मनात पक्का करा: ज्याच्या खाली तुम्ही जाणार नाही तो. तो चॅटवर कधीच लिहायचा नाही. आपल्या इंजिनिअरने 12.40 ठरवला होता. हा आकडा आधी ठरलेला नसेल तर रात्री नऊ वाजता "मॅडम, फायनल सांगा" असा मेसेज आला की जे सुचेल ते लिहिलं जातं.

मेसेज नेमका कसा लिहायचा?

तिने पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार मॅडम. ऑफर लेटर आणि ब्रेकअप दोन्ही नीट पाहिलं. टीम आणि काम मला आवडलं आहे आणि जॉइन व्हायची इच्छा आहे. एक विनंती आहे. फिक्स्ड 11.70 लाख आहे, ते 13 लाख करता येईल का? शेवटच्या राउंडमध्ये सरांनी सांगितलं की दोन टीमचं रिलीज टेस्टिंग माझ्याकडे असेल आणि तीन ज्युनिअर्सना मी गाइड करायचं आहे. मूळ जेडीमध्ये हे दोन्ही नव्हतं. व्हेरिएबल आहे तेवढंच, 1.30 लाख, राहिलं तरी चालेल. फिक्स्ड 13 लाख झालं तर रिवाइज्ड लेटर आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी राजीनामा देईन आणि 60 दिवसांत जॉइन होईन. तुम्हाला अप्रूव्हल घ्यावं लागेल याची कल्पना आहे. गुरुवारपर्यंत कळवलंत तरी चालेल. धन्यवाद."

यातलं कारण बघा. घरभाडं वाढलं, होम लोन आहे, मुलाची शाळा आहे, ही कारणं खरी असली तरी मॅनेजर ती फायनान्सला पाठवू शकत नाही. "दोन टीम आणि तीन ज्युनिअर्स" हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे. ते नाकारता येत नाही, आणि पुढे लिहायलाही त्याला सोपं जातं. मुलाखत चालू असतानाच अशी वाक्यं वहीत टिपून ठेवावीत. तुमच्याकडे असं काही नसेल, तर त्यांना हवं असलेलं पण तुमच्या आधीच्या उमेदवारांकडे नसलेलं एखादं कौशल्य सांगा. तेही नसेल तर कारण न देता नुसता आकडा मागा. ओढूनताणून आणलेल्या कारणापेक्षा ते बरं.

दुसरं महत्त्वाचं वाक्य राजीनाम्याचं. लांब नोटीस पिरियडमुळे आयटीत सगळ्यात मोठी डोकेदुखी ही असते की माणूस ऑफर घेतो, नोटिशीच्या काळात ती दाखवून दुसरीकडे वाढवून घेतो आणि जॉइनच होत नाही. "एवढं केलंत तर मी नक्की येते" हे लिहून दिलं की वाढीच्या बदल्यात मॅनेजरला काहीतरी मिळतं. अर्थात तुम्ही खरंच येणार असाल तरच हे लिहा.

आणि "करता येईल का?" यापुढे "नसेल जमत तर काही हरकत नाही" हे शेपूट जोडू नका. मराठी घरांतल्या वळणामुळे ते बोटांतून आपोआप येतं. वाचणाऱ्याने मंजुरीसाठी कष्ट घेण्याचं कारण तिथेच संपतं. नम्रपणा "कल्पना आहे" आणि "गुरुवारपर्यंत" या शब्दांत पुरेसा आला आहे.

कधी पाठवू?

मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेली मागणी सोमवारपर्यंत तशीच पडून राहते आणि तोवर तुमचा जीव टांगणीला लागतो. रात्री अकरा वाजता पाठवू नका.

निळ्या टिका दिसतात, पण उत्तर नाही. काय समजू?

बहुतेक वेळा मेसेज पुढे गेलेला असतो आणि वरून उत्तर यायचं असतं. रिक्रूटरकडे तुम्हाला सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून ती गप्प असते. तुम्ही दिलेला दिवस उलटेपर्यंत काहीही लिहू नका. सगळ्यात वाईट म्हणजे दोन तासांनी "मॅडम, 12.5 पण चालेल" असं स्वतःहून लिहिणं. तोवर 13 चा स्क्रीनशॉट मॅनेजरकडे गेलेला असतो, आणि मग त्याच्यामागून हा जातो.

दिवस उलटल्यावर एक ओळ पुरे: "नमस्कार मॅडम, माझ्या विनंतीबद्दल काही कळलं का? अजून वेळ लागणार असेल तरी सांगा." त्यानंतरही दोन दिवस शांतता असेल तर फोन करा.

"बजेट नाही" असं उत्तर आलं. विषय संपला का?

या दोन शब्दांआड तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. खरंच या पदाचा पट्टा संपलेला असतो. किंवा पट्टा शिल्लक असतो, पण त्याच टीममधल्या जुन्या माणसांचा पगार तुमच्यापेक्षा कमी पडेल अशी भीती असते. किंवा अजून कोणाला विचारलेलंच नसतं. तिसरं उत्तर ओळखायला सोपं असतं, कारण ते पाच मिनिटांत येतं.

पाच मिनिटांत आलं तर असं लिहा: "समजलं मॅडम. हा मेसेज एकदा सरांना दाखवाल का? कामाची व्याप्ती त्यांनीच सांगितली होती, म्हणून म्हणते." यात कोणाचाही अपमान नाही आणि विषय योग्य माणसाकडे जातो.

दोन दिवसांनी, आकड्यासह "12.60 पर्यंत जमेल, त्यापुढे नाही" असं आलं तर ती बहुधा खरी हद्द असते. आपल्या इंजिनिअरला हेच उत्तर आलं. तिच्या मनातल्या 12.40 च्या वर होतं, म्हणून तिने आकड्यावर पुन्हा ओढाताण केली नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही केली नसती. चॅटवर एक मागणी, एक प्रतिउत्तर आणि एक शेवट एवढंच शोभतं. तिसऱ्या फेरीपासून मॅनेजरच्या मनात तुमच्याबद्दल जे बसतं ते जॉइन झाल्यावरही जात नाही.

फिक्स्ड अजिबात हलत नसेल तर जॉइनिंग बोनस मागता येतो. तो एकदाच द्यायचा असल्याने टीममधल्या तुलनेचा प्रश्न येत नाही आणि तो वेगळ्या खात्यातून निघतो. बहुतेक ठिकाणी वर्षभराच्या आत सोडल्यास तो परत करावा लागतो. ती अट लेटरमध्ये कशी लिहिली आहे ते बघा, विशेषतः कर कापून हातात आलेली रक्कम परत करायची की पूर्ण. "सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू" हे आश्वासन लेटरमध्ये नसेल तर ते मिळालंच नाही असं धरा.

वाढ मिळाली, पण तिच्यातलं हातात काही येतच नाही असं मित्र म्हणतो. खरंय का?

या विशिष्ट पट्ट्यात दुर्दैवाने खरं आहे, आणि फार थोडे लोक हे आधी पाहतात. म्हणून इथे जरा थांबून हिशोब करू. दर 2025-26 च्या नव्या करप्रणालीचे आहेत.

नव्या प्रणालीत 75 हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. मूळ ऑफरमध्ये तिचं वर्षाचं पगाराचं उत्पन्न, पूर्ण व्हेरिएबल धरून, सुमारे 12.47 लाख होतं. वजावट गेल्यावर 11.72 लाख उरतात. कर शून्य.

आता 12.60 फिक्स्ड आणि 1.30 व्हेरिएबल, म्हणजे सीटीसी 13.90 लाख. बेसिक 6.95 लाख. पीएफचा कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी काढून, व्हेरिएबल धरून उत्पन्न सुमारे 13.35 लाख होतं. वजावट गेल्यावर 12.60 लाख. 12 लाखांची रेघ ओलांडली की सूट जाते. पण कायद्यात एक सवलत आहे: 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न आहे त्यापेक्षा कर जास्त होऊ देत नाहीत. म्हणजे वरचे जवळपास सगळे 60 हजार कर म्हणून जातात, आणि त्यावर 4 टक्के सेस. एकूण सुमारे 62 हजार. सीटीसी 90 हजारांनी वाढला, आणि तिच्याकडे त्यातले 25 हजार राहिले.

याला उपाय आहे, आणि तो चॅटवर मागायचाच आहे. कंपनीने पगाराचा काही भाग एनपीएस या सरकारी पेन्शन योजनेत भरला तर बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंतची रक्कम नव्या प्रणालीतही करातून वगळली जाते. यासाठी सीटीसी वाढवायची गरज नसते, फक्त रचना बदलायची असते. तिने लिहिलं:

"12.60 साठी आभार मॅडम, मला मान्य आहे. फक्त यातले वर्षाला 60,000 कंपनीच्या वाट्याचं एनपीएस म्हणून दाखवता येतील का? एकूण सीटीसी तेवढाच राहील."

होकार आला. करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत आलं आणि कर शून्य झाला. हातात येणारी रक्कम मूळ ऑफरपेक्षा सुमारे 28 हजारांनी वाढली, आणि 60 हजार दरवर्षी तिच्या पेन्शन खात्यात जाणार. ते पैसे निवृत्तीपर्यंत बव्हंशी अडकून राहतात, हे तिला चालणार होतं. ज्याला पुढच्या वर्षी फ्लॅटचं डाउन पेमेंट भरायचं आहे त्याला कदाचित चालणार नाही. बऱ्याच छोट्या कंपन्यांची एनपीएससाठी नोंदणी झालेली नसते. तिथे हा मार्ग बंद असतो, म्हणून आधी विचारा.

पगार 18-20 लाखांच्या घरात असेल तर ही रेघ तुमच्या मागे पडलेली असते आणि एवढा धक्का बसत नाही. ऑफर 12 ते 14 लाखांच्या मध्ये असेल तर मात्र मागणीचा मेसेज पाठवण्याआधी हा हिशोब एकदा कागदावर मांडा.

"सध्याच्या पगारावर 35 टक्के वाढ देतोय, अजून काय हवं?" याला काय उत्तर देऊ?

जुन्या पगाराच्या वादात शिरू नका. "वाढ चांगली आहे, त्याबद्दल आभार. माझी विनंती या पदाच्या कामाच्या हिशोबाने आहे" असं म्हणून दोन टीम आणि तीन ज्युनिअर्सवर परत या. जुना पगार कमी होता ही तुमच्या आधीच्या कंपनीची गोष्ट आहे. नव्या कामाचं मोल तिच्यावर ठरत नाही.

जुना आकडा फुगवून मात्र सांगू नका. गेल्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागितल्या जातात.

दुसरी ऑफर नाही. आहे असं सांगितलं तर चालेल का?

नाही. "लेटर पाठवा, मॅच करतो" असं उत्तर आलं की तुमच्याकडे पाठवायला काही नसतं. बनावट लेटर पाठवणारेही भेटतात. बॅकग्राउंड तपासणीत ते सापडलं तर ऑफर जातेच, आणि पुण्यातले रिक्रूटर्स एकमेकांना ओळखतात. खरी ऑफर असेल तर कंपनीचं नाव न घेता आकडा सांगा: "दुसरीकडे फिक्स्ड 12.90 ची ऑफर आहे, पण मला इथे यायचं आहे."

मागितल्यामुळे ऑफर मागे घेतील का?

एका सभ्य मेसेजमुळे मागे घेतलेली ऑफर मी क्वचितच पाहिली आहे. एक उमेदवार निवडायला कंपनीचे चार-पाच लोकांचे तास गेलेले असतात आणि ते पुन्हा कोणाला घालायचे नसतात. ऑफर गेल्याची जी उदाहरणं मला माहीत आहेत, त्यांत माणसाने लेटरवर सही केल्यावर आकडा काढला होता, किंवा एक वाढ मिळाल्यावर आठवड्याने दुसरी मागितली होती.

चॅटवर "डन" आलं. आता राजीनामा देऊ?

अजिबात नाही. चॅटवरचं "डन" म्हणजे रिक्रूटरचा शब्द. तो प्रामाणिक असेलही, पण ती उद्या नोकरी सोडून गेली तर तुमचा 12.60 कोणाच्या लक्षात राहणार? रिवाइज्ड ऑफर लेटर मेलवर येऊ द्या. फिक्स्ड, व्हेरिएबल, एनपीएस, जॉइनिंगची तारीख, सगळं त्याच्या परिशिष्टात आहे का ते पाहा. अनेकदा पहिल्या पानावरची एकूण रक्कम बदललेली असते आणि मागची ब्रेकअप शीट जुनीच चिकटवलेली असते. तिच्या बाबतीतही एनपीएसची ओळ आली नव्हती. "मॅडम, परिशिष्टात एनपीएस दिसत नाही, दुरुस्त करून पाठवाल का?" एवढ्याने दुसऱ्या दिवशी नवीन लेटर आलं.

तोवर चॅटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. काही जणांच्या फोनमध्ये मेसेज आपोआप नाहीसे व्हायची सोय सुरू असते, आणि नोटीस पिरियड त्याहून लांब असू शकतो.

मी फ्रेशर आहे, कॅम्पसमधून ऑफर आली आहे. मलाही हे लागू होतं का?

मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत शेकडो जणांना एकच पगार ठरलेला असतो आणि तो एकट्यासाठी बदलत नाही. तिथे पगाराऐवजी जॉइनिंगचं शहर किंवा तारीख विचारा, त्यात कधीकधी जमतं. पंधरा-वीस जणांच्या स्टार्टअपमध्ये इंटर्नशिप करून तिथेच ऑफर मिळाली असेल, तर वरचा मेसेज थोडा लहान करून खुशाल वापरा. इंटर्न असताना तुम्ही केलेलं आणि आजही चालू असलेलं एखादं काम तेवढं त्यात लिहा.